रिकामटेकड्याचा वेग

"माझं इंटरनेट स्लो का?"

एवढंच. ना नमस्कार, ना पत्ता, ना कधीपासून, ना कशावर. डॉक्टरकडे गेलेला माणूस निदान कुठं दुखतंय तिथं बोट तरी ठेवतो. आमच्या तक्रार विभागात येणारी माणसं थेट विचारतात, "मी वाचेन ना?"

या प्रश्नाखाली मात्र एक स्क्रीनशॉट होता. राउटरच्या आतल्या पानाचा. हे नवल होतं, कारण राउटरला आत एक पान असतं आणि ते मोबाइलवर उघडता येतं, हे आमच्या निम्म्या ग्राहकांना ठाऊक नसतं. उरलेल्या निम्म्यांना ठाऊक असतं, पण पासवर्ड आठवत नाही. त्यामुळे पाठवणारा जाणकार असणार असं मी धरून चाललो. नंबर एका काकांच्या नावावर होता. शेजारच्या गोल फोटोत एक टक्कल पडलेले गृहस्थ कमरेला पट्टा बांधून हसत उभे होते.

मी ठरलेलं उत्तर पाठवलं. "काका, राउटर एकदा बंद करून चालू करा."

"केला," उत्तर आलं. "आणि काका गेले. मी काकू."

मी "क्षमस्व" लिहिलं. पलीकडून "असू दे" आलं आणि पाठोपाठ, "मुलींना माझे हात दिसत नाहीत. शनिवारच्या आत काही कर."

कसल्या मुली, कुठले हात, ते पुढच्या दोन-तीन निरोपांत कळलं. काकू विणकाम शिकवायच्या. दोन सुयांचं, लोकरीचं. पूर्वी घरी, आणि गेली काही वर्षं व्हिडिओवर. मुली म्हणजे नावाला मुली. सगळ्यात धाकटी चाळिशीची होती आणि एकीला नातवंडं होती. पाचजणी पाच ठिकाणी बसून काकूंच्या बोटांकडे बघत विणायच्या. सध्या स्वेटर गळ्यापर्यंत आले होते आणि गळ्याचे टाके कमी करायची वेळ आली की नुसतं ऐकून भागत नाही, बोटं दिसावी लागतात. काही महिन्यांपासून काकूंचा आवाज जात होता, पण चित्र असं विरघळायचं की सुया कुठल्या नि बोटं कुठली ते कळू नये. दोघी गळल्या होत्या. तिसरीनं फार गोड शब्दांत लिहिलं होतं की, बाई, शनिवारी दिसलं नाही तर आपण थोडे दिवस थांबूया का?

"थोडे दिवस थांबूया म्हणजे काय असतं, मला कळतं," काकूंनी लिहिलं. "ही शाळा थांबली तर घरात आवाज फक्त फ्रिजचा."

मी स्क्रीनशॉटकडे वळलो. माझं शिक्षण ज्या गावात झालं तिथं कॉम्प्युटरच्या खोलीला कायम कुलूप असायचं, त्यामुळे आता एखादं पान समोर आलं की त्यातलं सगळं सांगून टाकायची मला खाज असते. मी लिहायला घेतलं. वर हिरव्या अक्षरांत 'कनेक्टेड' दिसतंय, म्हणजे आमच्याकडून येणारी लाइन जिवंत आहे. तुमचा प्लॅन चाळीस एमबीपीएस वेगाचा आहे. राउटरमध्ये दोन पट्टे असतात, एक लांब पोचणारा पण गर्दीचा, एक जवळचा पण जलद...

"कीर्तन आवर," मागून आवाज आला.

आमच्या सीनियर ताई. सगळ्या विभागाच्या मोठ्या बहिणीसारख्या, म्हणजे कौतुक महिन्यातून एकदा आणि धपाटा रोज. त्यांनी माझा निरोप पुसायला लावला आणि स्क्रीनवर पेनाचं टोक टेकवलं.

"तिनं काय विचारलंय? स्लो का. मग का ते बघ. वरचं सगळं ठीक आहे ना? मग खाली उतर."

खाली 'बँडविड्थ कंट्रोल' नावाचा भाग होता. घरातल्या कुठल्या यंत्राला इंटरनेटचा किती वाटा, हे तिथं ठरवून देता येतं. बहुतेक घरांत तो भाग बंदच असतो. इथं चालू होता आणि त्याच्याखाली दोन ओळी होत्या. दोन यंत्रं, आणि प्रत्येकाला कुणीतरी इंग्रजी अक्षरांत नाव दिलेलं. पहिलं नाव 'शाळा': त्याला कमीत कमी दहा एमबीपीएस राखून ठेवलेले, घरात बाकी काहीही चालू असो. दुसरं नाव 'रिकामटेकडा': त्याला जास्तीत जास्त अर्धा एमबीपीएस. येताना अर्धा आणि जाताना त्याच्याही निम्मा. त्याच्यावर एक थेंब नाही, घरात सगळा पूर वाहत असला तरी.

"हे बघ," ताई म्हणाल्या. "पोराचा फोन आवळून ठेवलाय कुणीतरी. आमच्या घरी मीही असंच करते. आता तिला वेग मोजायला सांग."

काकूंनी वेग मोजून आकडा पाठवला. अर्ध्या एमबीपीएसच्या जरा आत. चाळीसच्या लाइनवर बरोबर अर्ध्याशी येऊन थांबणारा आकडा म्हणजे बिघाड नसतो, हुकूम असतो. काकू त्या दुसऱ्या ओळीतल्या यंत्रावर होत्या. लिहिलेला निरोप हलका असतो, तो अर्ध्यातही पळतो. पण शिकवणाऱ्याचं चित्र बाहेर पाठवायला जेवढी वाट लागते तेवढी त्या फोनला दिलेलीच नव्हती. मग समोरचं ॲप बिचारं चित्र पातळ करत करत शेवटी नुसता रंग पाठवतं.

कोडं सुटल्याचा मला इतका आनंद झाला की जीभ सैल सुटली. मी लिहिलं, "काकू, लाइन एकदम ठणठणीत! घरातल्या कुणा रिकामटेकड्या पोराचा फोन कुणीतरी आवळून ठेवलाय आणि तुम्ही नेमक्या त्याच फोनवर शाळा भरवताय 😄"

निरोप वाचल्याच्या दोन खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, तरी नाही. संध्याकाळी पाच शब्द आले.

"पोर नाही. आम्हाला मूलबाळ नाही."

ताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "तोंडानं बिघडवलंस ना? आता पायानं निस्तर. उद्या घरी जाऊन ये."

काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दाराशी घंटेच्या जागी एक जाडजूड गोल बटण होतं, मधोमध वर जाणारा बाण. दाबलं की बाण केशरी पेटायचा आणि आत टिंग व्हायचं. मी ते उगाच दोनदा दाबलं.

"एकदा दाबलं तरी गाडी येते," आतून आवाज आला. "लोकांना धीर नाही, हे ते जन्मभर म्हणायचे."

काका लिफ्टचे मेकॅनिक होते. शहरभरच्या इमारतींत जन्मभर लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतः रोज तीन जिने चढून घरी आले. काकूंनी हे सांगितलं ते हसत. पण हसू डोळ्यांपर्यंत चढलं नाही, दुसऱ्या मजल्यावरच थांबलं. ठेंगण्या, ताठ बसणाऱ्या बाई, चष्मा दोरीला, आणि बोलताना हात रिकामे म्हणून अंगठा आपला तर्जनीवरून अदृश्य धागा ओढत असलेला.

बाहेरच्या खोलीत त्यांची खुर्ची, वाकवता येणारा दिवा आणि दिव्याला कपड्याच्या चिमट्यांनी अडकवलेला काकांचा फोन, कॅमेरा खाली हातांवर. ही शाळा. आतल्या खोलीत काकांची खाट, चादर ताणून घातलेली. दोन्हींच्या मध्ये, दारावरच्या फळीवर राउटर. फळी लिफ्टच्या आतल्या चकचकीत पत्र्याची होती, वजनाची मर्यादा लिहिलेली बाजू आपल्याकडे ठेवून बसवलेली.

"हे पान तुम्हाला कसं सापडलं?" मी विचारलं.

"त्यांच्या फोनवर पहिल्याच पानावर चौकोन आहे. त्यांनीच ठेवलेला. पासवर्ड आपोआप येतो. आणि हे फोटो काढायचं त्यांनी शिकवलं होतं मला, बाजूची दोन बटणं एकदम दाबायची. म्हणाले, काही बिघडलं तर फोटो पाठव, तोंडी सांगू नकोस, तू तोंडी सांगायला लागलीस की तक्रार राहते बाजूला." काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता सांग. तू पोर म्हणालास ते कोण?"

मी फोन घेतला, पान उघडलं, आणि या वेळी जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. या ओळीतलं यंत्र म्हणजे हा फोन. याच्यावर मर्यादा घातलीय. वरच्या ओळीतलं यंत्र वेगळं आहे, त्याला वाटा राखून ठेवलाय, पण ते सध्या घरात चालू दिसत नाही.

"ते माझं टॅब्लेट असेल," काकू म्हणाल्या. "कपाटात आहे."

"बिघडलंय?"

"नाही रे. चांगलं धडधाकट आहे."

"मग शाळा या फोनवर का भरवता?"

काकूंनी दिव्याची मान थोडी वाकवली, परत सरळ केली.

"ते गेले आणि फोन नुसता पडून राहिला. दोन वेळा पार मेला होता, चार्जिंगला लावूनही कितीतरी वेळ उठला नाही. मला वाटलं, वापरात असला की राहील. मी दुसरं काय करते? विणते आणि शिकवते. म्हणून शाळाच यावर आणली. रोज हात लागतो. मुली बोलल्या की यातून आवाज येतो. बरं वाटतं, त्यांच्या फोनमधून कुणीतरी बोलतंय." मग त्या मुद्द्यावर आल्या. "मर्यादा कुणी घातली?"

"हे पान ज्याच्या हातात होतं त्यानं."

"म्हणजे त्यांनीच." त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, नाकाजवळ धरला आणि ती ओळ एकेक अक्षर जोडत वाचली. "रि-का-म-टे-क-डा."

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी उलट कमरेवर हात ठेवला.

"हे मी म्हणायचे! निवृत्त झाल्यापासून. दिवसभर त्या खाटेवर पडून लिफ्टचे व्हिडिओ. जगात कुठं कुठं कसल्या लिफ्ट आहेत, काचेच्या, तिरक्या, कोळशाच्या खाणीतल्या. मी म्हणायचे, जन्मभर तेच केलंत, आता तरी दुसरं काही बघा, रिकामटेकडे कुठले." त्या थांबल्या. "आणि त्यांचा व्हिडिओ सारखा अडकायचा. चक्र फिरत बसायचं. माझी शाळा मात्र एकदाही अडकली नाही. मी मुलींना ऐटीत सांगायचे, आमच्या घरी इंटरनेट फार चांगलं आहे."

फळीवरच्या राउटरचे हिरवे दिवे उगाच उघडझाप करत होते.

"ही मर्यादा कशासाठी घालतात?" काकूंनी विचारलं. आता त्यांचा आवाज शिकवणाऱ्या बाईचा होता. उत्तर चुकलं तर वीण उसवायला लावणारा.

"एकच लाइन दोघांत असली की एकाचा व्हिडिओ दुसऱ्याचं चित्र खातो. तुमची लाइन आधी लहान असेल. ते व्हिडिओ लावत असतील आणि तुमच्या शाळेचं चित्र फाटत असेल. म्हणून त्यांनी तुमचा वाटा बांधून ठेवला आणि स्वतःला दोरीनं बांधून घेतलं."

"आधी लहानच होती. मग माझ्यासाठी मोठी घेतली."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण ताई शेजारी नव्हत्या. "मोठी घेतल्यावर खरं तर याची गरजच नव्हती," मी म्हणालो. "चाळीसमध्ये दोघांचं आरामात भागतं. विसरले असतील काढायला."

"ते आणि विसरतील?" काकू म्हणाल्या. "लिफ्टचा माणूस आहे तो. एक स्क्रू जास्तीचा हातात राहिला तर अर्ध्या रस्त्यातून परत जायचा."

त्या आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि चौकटीला खांदा लावून उभ्या राहिल्या. तिथं त्या खूपदा उभ्या राहिल्या असाव्यात, कारण चौकटीचा तेवढाच रंग खांद्याच्या उंचीवर गुळगुळीत झाला होता.

"शाळा संपली की मी इथं यायचे," त्या खाटेकडे बघत म्हणाल्या. "चक्र फिरत असायचं. मी म्हणायचे, काय हो, तुमची लिफ्ट अडकली वाटतं दोन मजल्यांच्या मध्ये? ते म्हणायचे, हो ना, आता कुणीतरी बाहेरून बोलत राहायला पाहिजे, म्हणजे आतला माणूस घाबरत नाही. मग मी बसायचे. व्हिडिओ निघेपर्यंत आमच्या गप्पा. कधी कधी तो निघायचाच नाही, मग स्वयंपाक राहायचा." पदर त्यांनी डोळ्यांना नाही, चष्म्याला लावला. "आणि अडकलं नसतं तर मी आत कशाला आले असते? टाके मोजत बाहेरच बसले असते."

जिन्यात कुणीतरी वर चढत होतं. पावलं आमच्या मजल्यापाशी आली आणि पुढं गेली.

शेवटी मी कामाचं बोललो, कारण शनिवार दारात होता. सांगितलं की उपाय सोपा आहे. या ओळीच्या शेवटी कचरापेटीचं चित्र आहे, ते दाबायचं, मग 'सेव्ह'. या फोनवरचं बंधन सुटेल, मुलींना बोटं स्वच्छ दिसतील, आणि शाळा काकांच्याच फोनवर राहील.

काकूंनी अंगठा त्या चित्रावर आणला. अंगठा स्थिर होता. विणणाऱ्या माणसाचा हात थरथरत नाही.

"हे दाबलं की याचं काय होईल?"

"फोन जलद चालेल."

"फोनचं नाही विचारत. या ओळीचं?"

"ओळ जाईल."

"परत आणता येते?"

"दुसरी लिहिता येते, काकू. तेच नाव, तोच आकडा. मी लिहून देईन."

"तू लिहून देशील," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. फक्त एवढंच की मी लिहून दिलेलं काय कामाचं, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

अंगठा तसाच होता. मग त्यांनी तो बाजूला घेतला, फोन चिमट्यांतून सोडवला आणि आत नेऊन खाटेवरच्या उशीशी ठेवला, चार्जरची वायर लावून. बाहेर आल्या त्या कपाटातलं टॅब्लेट घेऊन. त्याच्यावर लोकरीचे तंतू चिकटले होते.

"हे चिमट्यांत मावणार नाही," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. "दोरी दे ती. नुसता उभा राहू नकोस."

आम्ही टॅब्लेट दिव्याला बांधलं. चालू झाल्याबरोबर राउटरच्या पानावर 'शाळा' जागी झाली. वेग मोजला तर आकडा भर्रकन वर गेला. काकूंनी सुया-लोकर घेऊन हात दिव्याखाली धरले. पडद्यावर लोकरीचा एकेक पीळ दिसत होता, आणि बोटावरचा सुईनं पडलेला जुना घट्टासुद्धा. एवढं चांगलं चित्र पाहून माणसाला आनंद व्हायला हवा. काकू पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इतके दिवस कपाटात ठेवलं मी हे. त्यांनी राखून ठेवलेलं."

उतरताना मी बटण पुन्हा दाबलं नाही.

शनिवारी दुपारी निरोप आला. या वेळी टॅब्लेटवरून, नावाशिवाय. "गळे झाले. तिघींना दिसलं. गेलेल्या दोघींपैकी एक परत येते म्हणाली. दुसरी नाही." मी ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तक्रार बंद कर." मी बंद केली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना. ताईंनी माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच लिहिलं: ग्राहकाच्या सेटिंगमुळे. खोटं काहीच नव्हतं त्यात.

त्यानंतर दोन-तीन आठवडे गेले असतील. दुपारच्या मंद वेळी काकांच्या नंबरवरून निरोप आला, तो गोल फोटो, तो कमरेचा पट्टा, ते हसू. शब्द तेच.

"माझं इंटरनेट स्लो का?"

खाली स्क्रीनशॉट होता. या वेळी राउटरच्या पानाचा नव्हता. एका व्हिडिओचा होता. डोंगरावर तिरकी चढणारी कुठलीशी लाल लिफ्ट, अर्ध्यात थांबलेली, आणि तिच्यावर मधोमध फिरायचं थांबलेलं ते पांढरं चक्र. फोटो काढला की चक्रही थांबतं. वर कोपऱ्यात चार्जिंगची खूण होती, उशीशी लावलेल्या त्या वायरीची, म्हणजे फोन कुठं होता आणि काकू कुठं बसल्या होत्या ते मला कळलं.

ताईंनी बघितलं. "अरे, अजून काढली नाही का ती मर्यादा? सांग तिला, कचरापेटी दाब म्हणावं."

"त्यांना ठाऊक आहे," मी म्हणालो.

मग मी ठरलेलं उत्तर बाजूला ठेवलं आणि लिहिलं, "लिफ्ट अडकली असेल, काकू. दोन मजल्यांच्या मध्ये."

बराच वेळ वर 'टाइप करत आहे' असं येत-जात राहिलं. शेवटी आलं ते एवढंच:

"मीही तेच म्हणाले. आज कुणी उत्तर दिलं नाही. पण बसलेय मी इथं, बोलत."